लिफ्टमास्तरांचे एकशेचाळीस मीटर

लिफ्टमास्तरांची आणि माझी ओळख छातीच्या रुग्णालयात, व्यायामाच्या खोलीत झाली. त्या खोलीत भिंतीला लागून आठ खुर्च्या होत्या. परंतु रक्तातला प्राणवायू मोजण्याचे, बोटाला लावायचे चिमटे सातच होते. त्यामुळे माझ्या शेजारच्या खुर्चीतील गृहस्थांना आणि मला मिळून एक चिमटा वापरावा लागे. त्यांनी तो आपल्या बोटावरून काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि माझ्या हाती दिला. ही आमची पहिली भेट. त्यांचा आकडा ब्याण्णव आला होता, माझा एक्याण्णव आला. त्या एका आकड्याचेही मला वाईट वाटले. त्यांच्याविषयी लिहावयाचे तर मला त्यांचा मत्सर वाटत असे, ही गोष्ट गाळून लिहिता येणार नाही. म्हणून ती आरंभीच नमूद करतो.

मी जन्मभर हमाल होतो. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढणे हे माझे काम. लिफ्टमास्तरांनी चाळीस वर्षे एका सात मजली कचेरीत लिफ्ट चालवली. म्हणजे ते एका स्टुलावर बसून राहिले आणि लोकांना वर-खाली करीत राहिले. आम्हा दोघांना एकच रोग होता आणि त्याचे मूळही एकच होते, सिगारेट. परंतु माझ्या मनात पहिल्या दिवसापासून असे बसले की बसून खाल्लेल्या माणसाने माझ्या पंक्तीला यावेच कसे?

त्यांना आपल्या रोगाचा पत्ता लागला तोही गमतीने. कचेरीतली लिफ्ट दुरुस्तीसाठी दोन आठवडे बंद होती. साहेबांनी त्यांना वरच्या मजल्यावरून किल्ल्या आणायला पाठवले. ते पहिल्या वळणावरच कठडा धरून बसले. शिपायाने विचारले, "मास्तर, काय झालं?" तेव्हा ते म्हणाले, "काही नाही. चाळीस वर्षांत हा जिना कधी नीट पाहिला नव्हता, तो पाहतोय." हा किस्सा ते एका दमात सांगू शकत नसत. तीन शब्द, मग श्वास. पुन्हा तीन शब्द. तरीही खोलीतले सगळे शेवटच्या शब्दाची वाट पाहत आणि हसत. मी सांगितलेल्या किश्श्याला कोणी अशी वाट पाहत नसे.

त्यांचे घर तिसऱ्या मजल्यावर होते आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. ते जिने ते वर्षानुवर्षे थांबत-थांबत चढत आले होते आणि लागणारा दम वयाचा समजत होते. समोरच्या पदपथाला लागून त्यांच्या पत्नीचे शिवणकामाचे छोटे दुकान होते. जुन्या कपड्यांना चेन बसवणे, पँटची उंची कमी करणे, उसवलेले शिवणे अशी कामे त्या करीत. गेले आठ महिने मास्तर खिडकीत बसून त्या दुकानाकडे पाहत असत. फक्त रुग्णालयाच्या दिवशी शेजारचे दोघे जण त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणत.

एकदा मी त्यांना विचारले, "मास्तर, बरं झाल्यावर काय करायचा विचार आहे?"

"दुकानात बसणार. तिच्या शेजारी."

"आणि करणार काय?"

"सुईत दोरा ओवून देईन. तिला आता भोक दिसत नाही." श्वास घेऊन ते म्हणाले, "आणि मला दम नाही. दोघांचं मिळून एक माणूस होईल."

मला पत्नी निवर्तून अकरा वर्षे झाली होती. मला रुग्णालयात सूनबाई आणून सोडत आणि घड्याळ पाहत परत जात. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना कामावर जायचे असे. मास्तरांच्या पत्नी मात्र दुकान बंद ठेवून दाराबाहेरच्या बाकावर दोन तास बसत आणि व्यायाम संपला की आत येऊन त्यांच्या कपाळाचा घाम पुसत. मी त्या वेळी खिडकीकडे पाहत असे.

व्यायाम घेणाऱ्या बाईंना आम्ही सगळे ताई म्हणत असू. त्या वयाने आमच्या मुलींएवढ्या होत्या आणि शिस्तीने आमच्या आईसारख्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी काचेच्या दिव्यावर छातीचे दोन एक्स-रे फोटो लावले. एक निरोगी माणसाचा होता, दुसरा माझा.

"काका, फुप्फुसांच्या खाली काय दिसतं?" त्यांनी विचारले.

निरोगी फोटोत फुप्फुसांच्या खाली दोन घुमट दिसत होते, पालथ्या वाडग्यांसारखे. माझ्या फोटोत घुमट नव्हते. तेथे ताटासारखी सपाट रेघ होती.

"हे श्वासपटल," ताई म्हणाल्या. "श्वास घ्यायचा मुख्य स्नायू. तो घुमटासारखा वर असतो. आकसला की खाली सरकतो, छातीत जागा होते आणि हवा आत येते. तुमच्या फुप्फुसांची लवचीकता गेलीय. ताणलेलं रबर सोडलं की आपोआप मिटतं, तशी निरोगी फुप्फुसं मिटतात आणि हवा बाहेर ढकलतात. तुमची मिटत नाहीत. त्यात श्वास सोडताना बारीक नळ्या वाटेतच दबून बंद होतात. हवा आत अडकते. फुप्फुसं फुगून राहतात आणि श्वासपटलाला खाली दाबून सपाट करतात."

मी म्हणालो, "ताई, म्हणजे माझी छाती भरलेली आहे. भरलेली छाती म्हणजे ताकद." मला तरुणपणापासून छातीचा अभिमान होता. अलीकडे ती पिंपासारखी गोल झाली होती, आणि मी ती गोलाई जुन्या मेहनतीची कमाई समजत होतो.

"काका, तुम्ही हमाली केलीत ना? हात कोपरात पूर्ण दुमडलेला असताना आणखी ओढून ओझं उचलता येतं का?"

"नाही. हात आधी लांबवावा लागतो."

"तेच. सपाट झालेला स्नायू आधीच आखूड झालेला असतो. आखूड स्नायूला ओढ राहत नाही."

उत्तर मी दिले होते, परंतु ते मला पटले नव्हते. खोलीतल्या इतरांनाही ते नीट समजले नसावे. तेवढ्यात मास्तर हळूच म्हणाले, "ताई, लिफ्ट तळमजल्यावरच उभी आहे. आणि आम्ही खालचं बटण दाबतोय."

सगळी खोली हसली. ताईंनी टाळी वाजवली. "बरोब्बर! खाली जायचं तर आधी वर यायला हवं. आणि वर कशी आणायची?"

"माणसं उतरवून," मास्तर म्हणाले. "हवा बाहेर सोडून."

पुढे सहा आठवडे त्या खोलीत प्रत्येक जण लिफ्टचीच भाषा बोलत होता. माझ्या दुमडलेल्या हाताची कोणाला आठवण राहिली नाही. अनुभव माझा होता, आणि टाळी मास्तरांना मिळाली.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी सदरा काढून आरशासमोर उभा राहिलो. श्वास आत घेताना खालच्या बरगड्या बाहेर पसरायला हव्यात. माझ्या आत ओढल्या जात होत्या. ताईंनी याचेही कारण सांगितले होते. दोघांनी चादरीची टोके धरली आणि ती मधून वर फुगलेली असली, तर ओढल्यावर मधला भाग खाली येतो. चादर आधीच सपाट असली, तर ओढल्यावर धरणाऱ्यांचे हातच आत खेचले जातात. बरगड्या म्हणजे ते हात. मानेचे आणि खांद्यांचे स्नायू मात्र फुकटची हमाली करीत होते. मी सदरा पुन्हा चढवला आणि ही गोष्ट कोणाला सांगितली नाही.

आता खऱ्या प्रसंगाकडे येतो. या रुग्णालयात फुप्फुसात बारीक झडपा बसवण्याचा उपचार होत असे. नळी घशातून आत नेतात आणि फुप्फुसाच्या सर्वांत फुगलेल्या भागाच्या वाटांवर झडपा बसवतात. त्या झडपांतून हवा बाहेर पडते, आत शिरत नाही. तो निकामी भाग हळूहळू मिटतो, जागा मोकळी होते आणि श्वासपटल पुन्हा वर उचलले जाते. परंतु हा उपचार सर्वांना चालत नाही. माझ्या फुप्फुसांच्या दोन भागांमधला पडदा अपुरा निघाला. झडप बसवली तरी शेजारच्या भागातून चोरवाटेने हवा आत आलीच असती. डॉक्टरबाईंनी मला हे समजावून सांगितले आणि माझे नाव यादीतून काढले. मास्तरांचे पडदे शाबूत होते.

त्यांच्यापुढे एकच अट होती. डॉक्टरबाईंच्या नियमाप्रमाणे, झडपांआधी रोग्याला सहा मिनिटांत किमान एकशेचाळीस मीटर चालता यायला हवे. त्याहून अशक्त माणसाला उपचारच झेपणार नाही, असे त्या म्हणत. मास्तर आरंभी एकशे अठरा चालले होते. सहा आठवड्यांच्या व्यायामानंतर पुन्हा चाचणी व्हायची होती. एकशेचाळीस झाले तर झडपा मिळणार आणि दुकान गाठण्याची आशा राहणार. झाले नाहीत तर खिडकी होतीच.

मी दोनशे दहा मीटर चालत असे. मला अक्षरे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, प्रौढांच्या वर्गात आली. वाचता येण्याचा मला झालेला पहिला तोटा हा की भिंतीवरच्या तक्त्यात कोणत्या खुर्चीचे किती मीटर झाले, हे मला वाचता येऊ लागले. तीन आठवड्यांनी माझ्या खुर्चीपुढे दोनशे पाच लिहिले होते आणि मास्तरांच्या खुर्चीपुढे एकशे एकतीस. मी उतरत होतो, ते चढत होते. याचे कारण उघड होते. ते ताईंचे ऐकत होते. ओठ चोच केल्यासारखे गोल करायचे, मेणबत्ती न विझवता तिची ज्योत नुसती हलवावी तशी फुंकर हळूहळू सोडायची, आत घ्यायला दोन पावले तर सोडायला चार. गोल ओठांमुळे आतला दाब टिकतो आणि नळ्या दबून बंद होत नाहीत, असे ताई सांगत. दम लागला तर भिंतीला किंवा गुडघ्याला हात टेकून पुढे वाकायचे, म्हणजे श्वासपटलाला थोडी बरी ओढ मिळते आणि टेकलेल्या हातांमुळे खांद्यांचे स्नायू छातीच्या मदतीला मोकळे होतात. मला हे सर्व बायकी वाटे. आम्ही हमाल ओझे उचलण्यापूर्वी श्वास गच्च भरून आत कोंडत असू. पन्नास वर्षांची ती सवय मी सोडायला तयार नव्हतो.

चाचणीच्या दिवशी सकाळी रुग्णालयाच्या बोळात तीस मीटर अंतरावर दोन नारिंगी शंकू ठेवलेले होते. मास्तर खुर्चीवर बसून आपल्या पाळीची वाट पाहत होते. त्यांच्या पत्नी औषधाच्या खिडकीपाशी गेल्या होत्या. मास्तरांनी मला विचारले, "पैलवान, तुम्ही दोनशे कसे काय चालता हो? काही गुपित असेल तर सांगा. आज मला फार गरज आहे."

ते मला पैलवान म्हणत. त्यात थोडी थट्टा होती आणि थोडा आदर होता. त्यांनी माझ्याकडे काही मागितले, असे प्रथमच घडत होते.

मी म्हणालो, "मास्तर, असं वरातीत चालल्यासारखं चालू नका. छाती फुगवा. भराभर ओढा आत. पहिल्या तीन मिनिटांतच शंभर गाठा, मग पुढचं आपोआप होतं."

"आणि सोडायचं?"

"सोडायला आयुष्य पडलंय. आधी कमवा, मग खर्च करा."

ते हसले. मीही हसलो. हे चूक आहे, हे मला ठाऊक होते काय? या प्रश्नाशी मी पुष्कळ झगडलो आहे. मी स्वतः तसेच चालत होतो, हे खरे. परंतु तक्त्यावरचे माझे उतरते आकडे मी वाचले होते, आरशातल्या बरगड्या पाहिल्या होत्या, आणि सहा आठवडे ताईंचा एकेक शब्द ऐकला होता. म्हणून उत्तर असे आहे की, ठाऊक होते.

घड्याळ सुरू झाले. मास्तर निघाले तेच झपाट्याने. पहिला शंकू, वळण, दुसरा शंकू. ताईंच्या भुवया चढल्या. साठ मीटर झाले तेव्हा त्यांचे खांदे कानांपर्यंत येऊ लागले. प्रत्येक श्वास पुरता बाहेर पडण्याआधीच ते दुसरा आत ओढत होते. एकाची शिल्लक दुसऱ्याच्या डोक्यावर बसत होती. छाती वरच्या वर भरत चालली आणि नव्या हवेला जागा उरेना. मानेच्या शिरा दोरासारख्या ताठ झाल्या. मेंदू श्वास मागत होता, स्नायू जिवाच्या आकांताने ओढत होते आणि आत जात होते चिमूटभर. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी भिंत धरली. ताईंनी खुर्ची पुढे सरकवली. घड्याळ चालूच राहिले, कारण नियमाप्रमाणे ते थांबवत नाहीत. मास्तर पुन्हा उठू शकले नाहीत.

"शहाण्णव," ताईंनी लिहिले. मग चिमट्याकडे पाहून म्हणाल्या, "प्राणवायू अठ्ठ्याऐंशी. तो फार उतरला नाहीये. तुम्हाला हवेने कोंडलंय, मास्तर. असं का धावलात? सहा आठवडे काय शिकवलं मी?"

मास्तरांना बोलता येत नव्हते. त्यांनी डोळे वर करून माझ्याकडे पाहिले. मी माझ्या चपलांकडे पाहिले.

त्यांच्या पत्नी औषधे घेऊन परतल्या. वहीतला आकडा पाहून त्यांनी पिशवी छातीशी धरली. "अहो, काय झालं हे? परवा तर घरात किती छान चालत होता."

मास्तरांनी हात हलवून "काही नाही" अशी खूण केली.

चाचणी दोनदा घेतात आणि दोन्हींत जी चांगली ती धरतात, हे आमचे भाग्य. मध्ये किमान अर्धा तास विसावा द्यावा लागतो. त्या अर्ध्या तासात मास्तर मांडीवर कोपरे टेकून, पुढे वाकून, चोच करून फुंकर सोडत बसले. मी शेजारच्या खुर्चीत होतो. आपण कबुली द्यावी, असे मला वाटत होते. त्याच वेळी, अजून एकशेचाळीस व्हायचे आहेत आणि कदाचित होणारही नाहीत, असेही वाटत होते. हे दोन्ही विचार एकाच डोक्यात शेजारी-शेजारी बसलेले होते आणि एकमेकांना जागा देत नव्हते.

शेवटी मी म्हणालो, "मास्तर, मघाशी मी सांगितलं ते ऐकू नका."

"नाही ऐकत," ते म्हणाले. आणि एक फुंकर सोडून, "ताई म्हणतात तसं करतो."

दुसऱ्या वेळी त्यांनी आधी आपले फवाऱ्याचे औषध घेतले आहे ना, हे ताईंनी पुन्हा विचारून घेतले. मग ते निघाले. आता ते फारच हळू चालत होते. दोन पावले आत, चार पावले बाहेर. पहिला शंकू गाठायला त्यांना एक मिनिट लागले. मी मनात हिशेब केला: या चालीने एकशे ऐंशी, पण ही चाल टिकणार नाही. टिकलीही नाही. तिसऱ्या फेरीत ते थांबले, भिंतीला दोन्ही तळहात टेकले, मान खाली घातली आणि सोडत राहिले, सोडत राहिले. घड्याळ चालू होते. त्यांच्या पत्नी बाकावरून उठून उभ्या राहिल्या. मला वाटले, संपले. आणि खरे सांगायचे तर मला एका बाजूने बरे वाटले.

मास्तरांनी मात्र घाई केली नाही. पूर्ण रिते होईपर्यंत ते थांबले आणि मगच पाऊल उचलले. लिफ्ट वर आणल्याशिवाय त्यांनी खालचे बटण दाबले नाही. चौथी फेरी झाली. पुन्हा एकदा भिंत, पुन्हा फुंकर. शेवटचे मिनिट उरले तेव्हा एकशे पंचवीस झाले होते. माझे ओठ केव्हा गोल झाले आणि मी त्यांच्याबरोबर श्वास कधीपासून सोडू लागलो, ते मला कळले नाही. सूनबाई मला न्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही कुणाची मेणबत्ती विझवताय?"

"थांबा!" ताईंनी घड्याळ बंद केले आणि जमिनीवरच्या खुणा मोजल्या. "एकशे सत्तेचाळीस."

मास्तरांच्या पत्नींनी त्यांचा घाम पुसला. या वेळी मी खिडकीकडे पाहिले नाही. मी ते पाहिले आणि माझ्या पोटात जे पेटले ते मत्सराखेरीज दुसरे काही नव्हते.

पुढच्या महिन्यात त्यांना झडपा बसवल्या. या उपचारात पहिल्या काही दिवसांत फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा साठण्याचे भय असते, म्हणून त्यांना चार दिवस खाटेवर नजरेखाली ठेवले. सुदैवाने तसे काही झाले नाही. तीन महिन्यांनी ताईंनी त्यांचा नवा फोटो दिव्यावर लावला. डाव्या बाजूला, जेथे ताट होते तेथे घुमट दिसत होता. फार उंच नव्हता, पण घुमट होता. ते दोनशे तेवीस मीटर चालले. मी त्या दिवशी एकशे अठ्ठ्याण्णव चाललो. त्यानंतर मी फुंकर सोडायला शिकलो आणि दोनशे नऊवर आलो. परंतु दोनशे तेवीस मला आजवर झालेले नाहीत.

रोग गेला असे कोणी समजू नये. मास्तर प्रत्येक वळणावर थांबतात, तीन मजले उतरायला त्यांना दहा मिनिटे लागतात आणि चढायला वीस. परंतु ते आता खुर्चीविना दुकानात जातात. मी बसमधून जाताना एकदा त्यांना पाहिले. ते सुई डोळ्यांजवळ धरून दोरा ओवत होते आणि त्यांच्या पत्नी हात पुढे करून वाट पाहत होत्या. मी पुढच्या थांब्यावर उतरायचे ठरवले होते, पण उतरलो नाही.

नंतरच्या सोमवारी व्यायामाच्या खोलीत चिमटा माझ्या हाती देताना मास्तर नेहमीसारखे तीन-तीन शब्दांत नव्हे, तर एका दमात म्हणाले, "पैलवान, पहिल्या चाचणीआधी तुम्ही मला काय सांगितलंत, ते माझ्या बायकोला कधी सांगू नका. तिला तुम्हाला रविवारी घरी बोलवायचं आहे."